उद्या फक्त दुसऱ्या भेटीचं ठरव

रविवारी सकाळी मुलगी बघायला निघालेल्या एका घाबरलेल्या मित्राला, एकेकाळी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणाऱ्या मैत्रिणीचं पत्र

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला. ‘उद्या अकराला सांगलीला मुलगी बघायला जायचंय. २६ गुण जुळलेत, आई खूश आहे. मला जेवण गेलं नाही. तिथे काय बोलू? आणि शर्ट निळा घालू की पांढरा?’

यातल्या शर्टाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, म्हणून ते आधी देते. निळा घाल. पोह्यांतली हळद पांढऱ्यावर लांबून दिसते. आणि सांडलेच पोहे, तर बाथरूममध्ये धावत जाऊन डागाला साबण लावू नकोस. हळदीतला पिवळा रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी आला की तांबडालाल होतो. पिवळा डाग घेऊन आत गेलेला मुलगा लाल डाग घेऊन बाहेर आला, तर सांगलीत त्या गोष्टीची चर्चा तुमच्या पत्रिकेपेक्षा जास्त होईल.

बाकीच्या प्रश्नांना जरा वेळ लागेल. लग्नाआधी मी अशा कार्यक्रमांत समोरच्या बाजूला बसले आहे. त्या बाजूने काय दिसतं, हे मुलांना कुणी सांगत नाही. मुलाला घरून सूचना मिळतात त्या एवढ्याच: नीट बस, मोबाईल काढू नकोस, पोहे सगळे संपव. आत स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मुलीच्या मनात काय चाललंय, याचा अंदाज असता तर तुझं आजचं जेवण वाया गेलं नसतं.

पहिली गोष्ट ही, की तू उद्याच्या कार्यक्रमावर भलतंच ओझं टाकलं आहेस. अर्ध्या तासात आयुष्याचा जोडीदार निवडायचा, असं तू धरून चालला आहेस. तसं असतं तर घाबरणं योग्यच होतं, कारण अर्ध्या तासात ते कुणालाच जमत नाही. उद्या तुला एवढंच ठरवायचं आहे की या मुलीला पुन्हा एकदा, घरच्यांशिवाय, निवांत भेटावंसं वाटतं का. या प्रश्नाचं उत्तर मात्र अर्ध्या तासात बऱ्यापैकी मिळतं.

आणि ते २६ गुण. त्यांनी तुझं काम सोपं झालंय असं समजू नकोस. ३६ गुणांचं मेलन आठ गोष्टींवर होतं: वर्णाला एक गुण, वश्याला दोन, तारेला तीन, योनीला चार, ग्रहमैत्रीला पाच, गणाला सहा, राशीकूटाला सात आणि नाडीला आठ. हे सगळं जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आणि राशीत होता, यावरून काढतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे तू जन्मलास त्या दिवशी त्या दवाखान्यात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराचे या मुलीशी साधारण एवढेच गुण जुळतात. त्यातल्या कुणाशी तिचं पटेल हे पत्रिकेतून कळणार नाही, ते बोलूनच कळेल. आईच्या समाधानासाठी पत्रिका बघितली, ठीक आहे. तुझं काम उद्या सुरू होतं.

अकरा ते साडेबारा

कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो, आणि तो आधी माहीत असला की निम्मी धडधड कमी होते. दारात ‘घर सापडायला त्रास नाही ना झाला?’ हे विचारलं जाईल. तुमची गाडी दोन गल्ल्या चुकली असली तरी उत्तर ‘छे छे, अगदी सहज’ असंच द्यायचं असतं. मग पाणी येईल. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं मोठ्या माणसांची. गाव कोणतं, मामा कुठले, कऱ्हाडचे अमुक तुमचे कोण, असं करत दोन्हीकडच्यांना एखादा समाईक नातेवाईक सापडतो आणि सगळ्यांचे खांदे सैल होतात. या वेळात तुझ्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. तू श्वास घे.

मग ती येईल. ट्रे तिच्या हातात असेल किंवा आजकालच्या रीतीप्रमाणे वहिनीच्या हातात. ती समोर बसेल आणि तिला प्रश्न विचारले जातील. इथे एक गोष्ट लक्षात ठेव. तुझ्यासाठी हा दुसरा-तिसरा कार्यक्रम असेल, तिच्यासाठी तो कितवा आहे ते तुला माहीत नाही. नाव, शिक्षण, उंची, स्वयंपाक येतो का, हे सगळं बायोडेटात छापलेलं असतानाही तिला पुन्हा विचारलं जातं. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ नावाचा मराठी चित्रपट २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. विदर्भातल्या एका खेड्यातल्या मुलीला बघायला एकामागून एक पाहुणे येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. त्याच्या सुरुवातीलाच हा सगळा प्रकार उलटा करून दाखवलाय: बायका मुलाला बघायला आल्यात, तो मान खाली घालून बसलाय आणि त्याला उंची विचारली जातेय. बघताना हसू येतं आणि थोड्या वेळाने हसू यायचं थांबतं. तू परीक्षेला निघाल्यासारखा घाबरला आहेस खरा, पण त्या खोलीत जास्त अवघड जागी बसलेलं माणूस दुसरंच आहे.

म्हणून त्या वेळात तुला दोन साधी कामं देते. एक, तिला एखादा प्रश्न विचारल्यावर उत्तर कोण देतं ते बघ. ती स्वतः बोलते, की तिने तोंड उघडायच्या आत काका सांगून मोकळे होतात? दोन, हेच स्वतःबद्दलही बघ. ‘याला ना, तिखट अजिबात चालत नाही,’ असं तुझी आई म्हणेल आणि तू गप्प राहशील, तर समोरची मुलगीही त्याची नोंद घेत असते. मी घ्यायचे. एकतीस वर्षांच्या माणसाला तिखट चालतं की नाही, हे त्याने स्वतः सांगितलेलं बरं दिसतं.

हात थरथरतील, थरथरू देत

पोह्यांची बशी हातात आल्यावर हात थरथरेल, याची तुला सगळ्यात जास्त भीती आहे. हे का होतं ते समजून घे. काही महत्त्वाचं घडणार आहे असं वाटलं की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. हृदय जोरात चालतं, तळहात गार पडतात, तोंड कोरडं होतं आणि पोटाला ‘आत्ता जेवणाचं राहू दे’ असा निरोप जातो. रात्रीचं जेवण त्यामुळेच राहिलं. शरीर धावायला किंवा लढायला तयार होतंय. सांगलीत दोन्हीची गरज पडणार नाही, पण शरीराला ते कळत नाही.

अशा वेळी ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावून फार उपयोग होत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं सोडवायला दिली. सुरू करण्याआधी ‘मला उत्सुकता वाटतेय’ असं म्हणणाऱ्यांचं काम, स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. कारण धडधड दोन्हींत सारखीच असते. धडधडत्या छातीला शांत करणं अवघड, तिचं नाव बदलणं सोपं. उद्या गाडीतून उतरताना मनात म्हण, ‘कोण आहे ही मुलगी, बघू तरी.’ तेवढं पुरे. आणि श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला लाव, चार-पाच वेळा. निघण्याआधी तीन कप कॉफी पिऊ नकोस, थरथर वाढेल.

आता थरथर दिसण्याबद्दल. आपलं बारीकसारीक सगळं लोक टिपत असतात, असं आपल्याला वाटतं. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली कॉर्नेल विद्यापीठातला एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी बघितलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच ते लक्षात राहिलं होतं. आणि तुझ्या खोलीत तर समोरच्या मुलीला स्वतःची ओढणी, स्वतःचा आवाज आणि टक लावून बघणारी तुझी मावशी यांची काळजी आहे. तुझ्या चमच्यातून दोन शेंगदाणे पडले, हे तिला दिसेलच असं नाही. दिसलं तर बरंच वाटेल, समोरचाही माणूसच आहे म्हणून.

तरी सोय म्हणून सांगते: बशी हातात अधांतरी धरू नकोस, मांडीवर किंवा टीपॉयवर ठेव. चमचा अर्धा भर. मिरची आधीच बाजूला काढ. आणि कुणी प्रश्न विचारायच्या बेतात दिसलं की घास घेऊ नकोस.

गच्चीवरची वीस मिनिटं

पोहे संपत आले की कुणीतरी घसा खाकरून म्हणेल, ‘तुम्हा दोघांना काही बोलायचं असेल तर...’ आणि मग तुम्हाला गच्चीत किंवा आतल्या खोलीत पाठवतील. उद्याचा कार्यक्रम खऱ्या अर्थाने या वीस मिनिटांचाच आहे. बाकी सगळं पाहुणचार. त्यांनी सुचवलं नाही तर तू स्वतः विचार: ‘आम्हाला थोडा वेळ बोलायला मिळेल का?’ यात आगाऊपणा काही नाही. एकट्याने बोलूच द्यायचं नाही असं त्या घरचं म्हणणं असेल, तर निदान पुढची भेट बाहेर होईल का हे विचारून घे. तीही नको म्हणाले, तर ती गोष्ट निर्णय घेताना मोजायची.

बहुतेक मुलं इथे काय करतात ते मला ठाऊक आहे. ‘तुमचे छंद काय?’ असं विचारतात. ‘वाचन, गाणी ऐकणं, फिरणं,’ असं उत्तर येतं. ‘अरे वा, मलाही.’ मग दोघंही शेजारच्या गच्चीतलं वाळवण बघत बसतात. छंदांचा प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर बायोडेटा लिहितानाच पाठ झालेलं असतं. म्हणून यादीतला प्रश्न विचारण्यापेक्षा आत्ताच्या दिवसांबद्दल विचार आणि उत्तरातलाच एखादा धागा धरून पुढचा प्रश्न कर. ही मुलगी पुण्यात नोकरी करते आणि सांगलीला ये-जा करते, हे तूच लिहिलं आहेस. तर असं काहीतरी:

‘पुण्याहून इकडे कितीदा येणं होतं?’

‘महिन्यातून दोनदा. शनिवारी सुट्टी असली तर.’

‘आल्यावर पहिलं काय करता?’

‘झोपते! आई ओरडते, दुपारचे बारा वाजले म्हणून.’

‘एवढं दमायला होतं कामात?’

‘काम ठीक आहे, शिफ्ट वाईट आहेत. बदलायचं चाललंय माझं.’

‘बदलून कुठे जायचं मनात आहे?’

चार प्रश्नांत तू तिच्या नोकरीपर्यंत, तिच्या थकव्यापर्यंत आणि तिच्या पुढच्या बेतापर्यंत पोचलास. इथून ‘लग्नानंतर पुण्यातच राहायचं आहे का?’ हा प्रश्न सहज येतो, एरवी तोच मुलाखतीतल्यासारखा वाटला असता. हार्वर्डमधल्याच कॅरन ह्वांग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असं दाखवलं की, समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. त्यांनी चार-चार मिनिटांच्या ओळखीच्या भेटींमधली संभाषणंही तपासली. असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकार जास्त मिळाले होते. तुला उद्या हवी आहे ती दुसरी भेटच.

प्रश्न विचारलेस तर स्वतःचंही सांगायला लागेल, आणि इथे घाबरलेली मुलं दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण गप्प राहतात, काही जण आपल्या कंपनीतल्या प्रोजेक्टवर वीस मिनिटं बोलतात. मी अशा एकाकडून क्लाउड म्हणजे काय ते शिकले, त्याचं आडनाव मात्र आठवत नाही. तू तीन गोष्टी स्वतःहून, तिने विचारायची वाट न बघता सांग, कारण पुढे भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.

पहिली, घरात कोण कोण राहणार. तुझे बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील आणि आई-बाबा साताऱ्याहून तुझ्याकडे राहायला येतील, हे तुमच्या घरात ठरलेलं आहे. ते उद्याच सांग. ‘बघू पुढचं पुढे’ असं म्हणू नकोस, कारण तुझं ठरलेलं आहे आणि तिला ते माहीत नाही. ती म्हणेल, ‘मला चालेल’ किंवा ‘मला वेगळं राहायला आवडेल’ किंवा ‘विचार करायला हवा’. तिन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत आणि तिन्ही उद्या कळलेली बरी.

दुसरी, पैसे. बायोडेटात वार्षिक पॅकेजचा मोठा आकडा असतो, घर चालतं ते दर महिन्याला हातात येणाऱ्या पैशांवर. तुझ्या हातात ७२ हजार येतात, त्यातून फ्लॅटचा २७ हजारांचा हप्ता जातो आणि ६ हजार तू घरी पाठवतोस. म्हणजे घर चालवायला ३९ हजार उरतात. पहिल्याच भेटीत सगळे आकडे मांडायची गरज नाही. पण ‘फ्लॅटचं कर्ज चालू आहे, अजून बरीच वर्षं हप्ता आहे, आणि घरीही थोडे पैसे पाठवतो’ हे वाक्य सांगायलाच हवं. तिच्याही घरी ती पैसे देत असेल आणि पुढेही द्यायचे असतील. ते सांगायला तिला अवघड जातं, कारण मुलीने माहेरी पैसे देण्याबद्दल लोकांची तोंडं लगेच वाकडी होतात. तू आधी बोललास तर तिलाही बोलता येईल.

तिसरी, घरातलं काम. ‘स्वयंपाक येतो का?’ हा प्रश्न तोंडात आला, तर तिथेच गिळ आणि त्याऐवजी तुला काय येतं ते सांग. वरणभाताचा कुकर लावता येतो, पोळ्या येत नाहीत, डबा लावलाय, असं खरं सांगितलंस तरी चालेल. ती हसेल आणि तिला काय येतं, काय आवडत नाही, हे स्वतःच सांगेल. नोकरी करणाऱ्या दोन माणसांच्या घरात संध्याकाळी साडेसातला गॅसपाशी कोण उभं राहणार, ही गोष्ट पुढे रोज निघते. तिची सुरुवात उद्या हसत झाली तर चांगलंच.

एक प्रश्न विचारच

वीस मिनिटांतली शेवटची पाच यासाठी राखून ठेव. तिला विचार: ‘हे लग्नाचं बघणं तुमच्या मनाने चाललंय ना? की घरच्यांची घाई आहे?’

हा प्रश्न विचारायला धीर लागतो, कारण नको असलेलं उत्तर येऊ शकतं. दुसरं कुणी मनात असेल, शिकायचं असेल, एवढ्यात लग्नच करायचं नसेल. घरात हे बोलण्याची सोय नसते, म्हणून ती ट्रे घेऊन बाहेर येते आणि समोरच्या मुलाला काहीतरी खोट दिसावी अशी वाट बघते. तिला सरळ ‘नाही’ म्हणता येईलच असं नाही. उत्तराआधी ती थांबली, जिन्याकडे बघितलं, ‘घरचे म्हणतील तसं’ एवढंच म्हणाली, तर खोदून विचारू नकोस. फक्त सांग: ‘तुम्हाला नको असेल तर मला कसंही कळवा. नकार माझ्याकडून गेला असं मी सांगेन, तुमचं नाव येणार नाही.’ आणि तसं झालंच तर शब्द पाळ. आईलासुद्धा खरं कारण सांगू नकोस, कारण आईला सांगितलेलं मावशीला कळतं आणि मावशीला कळलेलं सांगलीला पोचतं.

‘घरचे म्हणतील तसं’ हे दरवेळी नकाराचं लक्षण नसतं, हेही खरं. काही मुली लाजून तसं म्हणतात, काहींना घरच्यांवर खरंच विश्वास असतो. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. मनात असेल तर तीही तुला काहीतरी विचारते. तू कुठे राहतोस, किती वाजता घरी येतोस, याआधी कुठली स्थळं बघितलीस, काहीही. वीस मिनिटांत तिने एकही प्रश्न केला नाही, तर घाईने होकार देऊ नकोस. दुसऱ्या भेटीत, घराबाहेर, हाच प्रश्न पुन्हा विचार.

आणि हाच प्रश्न तिनेही तुला विचारला, तर खरं उत्तर तयार ठेव. ‘आईने नाव नोंदवलं म्हणून आलो’ हे खरं असेल तर तुला आत्ताच गाडी परत फिरवायला हवी.

मामांना आवर

तुझे मामा बरोबर येणार आहेत हे वाचलं आणि मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटली. मामा मनाने चांगले आहेत, पण चहा झाल्यावर ते ‘आमची तशी काहीच अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या हौसेनं काय ते करा. लग्न मात्र तोलामोलाचं व्हायला हवं,’ असं म्हणणाऱ्यांपैकी आहेत. त्यांना वाटतं हे सौजन्य आहे. समोरचा बाप मात्र त्या वाक्याचा हिशोब मनात मांडायला लागतो: कार्यालय, दागिने, मानपान, पाहुण्यांचे अहेर. १९६१ पासून आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा आहे. त्यात हुंडा घेणंही गुन्हा आहे आणि देणंही, आणि आडून मागणी करणंसुद्धा गुन्हा आहे. मामांना हे कलमांनिशी समजवायला जाऊ नकोस. घरून निघतानाच सगळ्यांसमोर म्हण, ‘खर्चाचं आणि देण्याघेण्याचं आज कुणी काही काढायचं नाही. पुढे ठरलंच तर खर्च निम्मा निम्मा.’ गाडीत बसायच्या आधी म्हण, म्हणजे साताऱ्याच्या पुढे जाईपर्यंत त्यांचा राग निवळेल.

तरीही मामा बोललेच, तर तिथल्या तिथे, हसत पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग: ‘मामा, आपलं ठरलंय ना, असं काही नाही म्हणून.’ शर्ट, पोहे, थरथरणारा हात, यातलं त्या मुलीला काही आठवणार नाही. हे वाक्य आठवेल. आमच्या घरी एका मुलाने असं म्हटलं होतं. तिथे लग्न जमलं नाही, पण माझे बाबा अजून त्याचं नाव काढतात.

परतीच्या गाडीत

गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत आई विचारेल, ‘कशी वाटली?’ तिथे ‘छान’ म्हणालास की त्याचा होकार होतो आणि ‘बघू’ म्हणालास की नकार. म्हणून दोन्ही टाळ. ‘मला एकदा बाहेर भेटायचंय, मग सांगतो,’ एवढंच म्हण आणि त्यावर ठाम राहा. मध्यस्थ ‘दुसरं स्थळ रांगेत आहे, आजच काय ते सांगा’ असं म्हणाले, तरी एका भेटीसाठी आठवडाभर थांबायला कुणाचं फार बिघडत नाही. ज्याचं बिघडतं त्याला घाई का आहे, हे विचारायला हवं.

एक इशारा देऊन ठेवते. परतताना तुला नक्की वाटेल की आपण फार वाईट बोललो. मधेच गप्प बसलो, नको तो विनोद केला, तिला कंटाळा आला असणार. यावर विश्वास ठेवू नकोस. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमीच निघतो. म्हणजे तुला वाटतंय त्यापेक्षा तू बरा बोललेला असशील. आणि तीही आत स्वयंपाकघरात आईला हेच म्हणत असेल, की मी काहीतरीच बोलले.

नकार द्यायचा असेल, तर दोन-तीन दिवसांत दे आणि सरळ दे. आपल्याकडे ‘पत्रिका जुळत नाही’ हा सभ्य नकार समजला जातो. पण तुमची तर आधीच जुळलीये, त्यामुळे ती सोय तुला नाही. ‘कार्यक्रम छान झाला, पण आमच्या बाजूने पुढे जायचं नाही असं ठरवलंय,’ असा निरोप पुरतो. रंग, उंची, वजन यातलं काही कारण म्हणून कळवू नकोस, ते त्या मुलीपर्यंत पोचतं आणि राहतं. तिचा बायोडेटा आणि फोटो मोबाईलमधून काढून टाक, आईच्या मोबाईलमधूनही. निरोपच न पाठवता गप्प बसू नकोस. पलीकडे रोज कुणीतरी फोनची वाट बघत असतं.

आणि नकार तिच्याकडून आला तर कारण शोधत बसू नकोस. तुझ्याबद्दल तिला वीस मिनिटांएवढंच कळलंय, त्यामुळे नकारही तेवढ्याचाच असतो. आई-बाबांबरोबर राहायचं नाही म्हणून तिने नाही म्हटलं असेल, तर तुझं सांगणं कामी आलं असं समज. लग्नानंतर कळण्यापेक्षा ते आत्ता कळलं.

आता झोप. सकाळी काहीतरी खाऊन निघ, पोह्यांवर उपाशीपोटी तुटून पडू नकोस. आणि उद्या काय झालं ते मला मध्यस्थामार्फत कळवू नकोस, परत आलास की फोन कर.

तुझी मैत्रीण